भिंत जाड, आलेख खुजा

दम लागतो म्हणून डॉक्टरांकडे आलेल्या कुठल्याही वयस्कर पेशंटची फाइल उघडा, तीत दोन कागद हमखास सापडतात. एक ईसीजीची पट्टी आणि दुसरा टू-डी एकोचा रिपोर्ट. ईसीजी हृदयातून उठणारी वीज मोजतो, तर एको हृदयाचा आकार आणि हालचाल दाखवतो. बहुतेक वेळा दोघांची साक्ष जुळते. वर्षानुवर्षांच्या बीपीने डाव्या कप्प्याची भिंत जाड झाली असेल, तर एकोत जाडी दिसते आणि ईसीजीवरच्या रेषाही उंच जातात. स्नायू वाढला की वीज वाढते, हे सरळ गणित आहे.

कधीकधी मात्र दोन कागद एकमेकांच्या विरोधात बोलतात. एको सांगतो भिंत जाड, आणि ईसीजीवरच्या रेषा इतक्या बुटक्या की हृदयात स्नायूच कमी आहे असं वाटावं. दोन्ही रिपोर्ट खरे असतील, तर एकच अर्थ निघतो. भिंतीची जाडी स्नायूची नाही, स्नायूंच्या मध्ये दुसरंच काहीतरी साठलंय. ते बहुधा अ‍ॅमिलॉइड असतं आणि या आजाराला कार्डिअ‍ॅक अ‍ॅमिलॉइडोसिस म्हणतात. हा आजार हुकतो तो तपासण्या नसतात म्हणून नव्हे. दोन्ही कागद फाइलमध्येच असतात, पण शेजारी ठेवून कुणी वाचत नाही.

अ‍ॅमिलॉइड म्हणजे बिघडलेल्या प्रथिनाचे अगदी बारीक, ताठ तंतू. शरीरात प्रथिनं ठरावीक घडीत राहतात. काही प्रथिनांची घडी मोडली की ती एकमेकांना चिकटून तंतू बनतात, आणि हे तंतू विरघळत नाहीत, शरीराला ते सहज मोडताही येत नाहीत. हृदयात ते स्नायूपेशींच्या आत जात नाहीत, पेशींच्या मधल्या जागेत साठत जातात. भिंत फुगते, पण फुगवटा वीज निर्माण करत नाही. उलट मध्ये दबलेल्या स्नायूपेशी हळूहळू खंगतात. ढोल-ताशा पथकात वादक तेवढेच राहिले आणि त्यांच्यामध्ये नुसते उभे राहणारे लोक शिरले, तर घोळका मोठा दिसतो आणि आवाज मात्र दबतो, तसं हे आहे.

साठा जितका वाढतो तितकी भिंत ताठ होते. आकुंचन बराच काळ ठीक चालतं, म्हणून रिपोर्टात ‘इजेक्शन फ्रॅक्शन ५५ टक्के’ असं वाचून सगळ्यांना हायसं वाटतं. खरी अडचण रक्त भरताना येते. ताठ कप्पा सैलावत नाही, थोडंच रक्त आत घेतो, आणि जे मावत नाही त्याचा दाब मागे फुप्फुसांवर आणि पायांवर येतो. दम आणि सूज त्यातून. प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी, म्हणून थकवा आणि उठताना चक्कर.

आता एक पेशंट नजरेसमोर आणू. तो कुणी एक माणूस नाही, अशा अनेकांच्या फायलींतून जुळवलेला आहे. वय ७२, साखर कारखान्यातून निवृत्त. १५ वर्षं बीपीच्या दोन गोळ्या चालू होत्या. गेल्या दोन वर्षांत बीपी आपोआप उतरत गेलं, आधी एक गोळी बंद झाली, मग दुसरी अर्धी झाली. घरच्यांना वाटलं, सकाळचं चालणं लागू पडलं. पण आता चालणंच होत नाही. एक जिना चढला की थांबावं लागतं, संध्याकाळी मोज्याचा वळ पायावर खोल उमटतो, आणि पहाटे अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. सात वर्षांपूर्वी दोन्ही हातांची कार्पल टनेलची शस्त्रक्रिया झाली होती, ती सांगायची आठवणसुद्धा कुणाला राहिली नाही. हाताचा आणि हृदयाचा काय संबंध, असंच सगळ्यांना वाटतं.

एकोत डाव्या कप्प्याची भिंत १६ मिलिमीटर भरली. १२ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त जाडी असेल तर कारण शोधावं लागतं. दोन्ही वरचे कप्पे मोठे झालेले, झडपा किंचित जाड, हृदयाभोवती थोडं पाणी. रिपोर्टाखाली निष्कर्ष: ‘कॉन्सेंट्रिक एलव्हीएच, हायपरटेन्सिव्ह हार्ट डिसीज’. ईसीजीत हातापायांच्या सहाही लीडमध्ये सर्वांत उंच रेषा ४ मिलिमीटरची, छातीवरच्या पहिल्या तीन लीडमध्ये सुरुवातीची वर जाणारी लहान रेषा जवळजवळ नाहीच. मशीनने छापलं, ‘जुना हार्ट अ‍ॅटॅक असावा’. म्हणून अँजिओग्राफी झाली. रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. घरच्यांना आनंद झाला आणि दमाचं कारण तिथेच राहिलं.

इथे दोन्ही निष्कर्षांवर बोट ठेवायला हवं. बीपीने भिंत १६ मिलिमीटरपर्यंत जाड झाली असती, तर ईसीजी उंच असायला हवा होता, आणि ज्याचं बीपी उतरत चाललंय त्याच्या भिंतीची जाडी बीपीच्या नावावर टाकताना थांबायला हवं होतं. हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेला असता, तर एकोत त्या जागची भिंत पातळ आणि निकामी दिसली असती. इथे ती जागा उलट जाड आहे. अ‍ॅमिलॉइडमध्ये हा खोटा हार्ट अ‍ॅटॅकचा नमुना ईसीजीवर वारंवार दिसतो.

ईसीजी खुजा म्हणायचा कधी, याचं माप ठरलेलं आहे. हातापायांच्या सगळ्या लीडमध्ये रेषांची पूर्ण उंची ५ मिलिमीटरपेक्षा कमी, किंवा छातीवरच्या सगळ्या लीडमध्ये १० मिलिमीटरपेक्षा कमी. पण मोजण्याआधी पट्टीच्या कडेला असलेला चौकोनी खांब बघायचा. तो १० मिलिमीटर उंच हवा. कुणी मशीन अर्ध्या मापावर ठेवलं असेल तर तो ५ मिलिमीटरचा दिसतो आणि धडधाकट माणसाचा आलेखही खुजा निघतो. खूप लठ्ठपणा, फुगलेली फुप्फुसं, थायरॉइडची कमतरता, हृदयाभोवती भरपूर पाणी, या कारणांनीही व्होल्टेज कमी येतं. म्हणून एकटा खुजा ईसीजी फारसं काही सिद्ध करत नाही. वजन येतं ते जाड भिंतीशी असलेल्या विसंगतीला.

उलटी चूकही तितकीच घातक आहे. ‘ईसीजीत व्होल्टेज कमी नाही, म्हणजे अ‍ॅमिलॉइड नाही’ असं म्हणून विषय संपवला जातो. म्हातारपणी होणाऱ्या प्रकारात बहुसंख्य पेशंटांचा आलेख त्या काटेकोर मापाने खुजा नसतोच. काहींच्या रेषा तर उंचही असतात, कारण आधीच्या बीपीने वाढलेला स्नायू अजून शिल्लक असतो. अशा वेळी भिंत १७ मिलिमीटरची आणि ईसीजी अगदी सर्वसाधारण, एवढी तफावतही पुरेशी आहे. जुने ईसीजी जपून ठेवलेले असतील तर फारच उत्तम. दहा वर्षांपूर्वीच्या पट्टीवर रेषा उंच होत्या आणि दरवर्षी त्या बुटक्या होत गेल्या, हे शेजारी ठेवून पाहिलं की एका ईसीजीवरून न दिसणारी गोष्ट दिसते.

एकोमध्येही नुसत्या जाडीपलीकडे एक चांगला पुरावा मिळतो, त्याला स्ट्रेन म्हणतात. स्नायूचा प्रत्येक भाग लांबीच्या दिशेने किती आखडतो, ते मशीन मोजतं आणि गोल चकतीवर रंगांत दाखवतं. अ‍ॅमिलॉइडमध्ये हृदयाच्या बुडाकडचा भाग मंद पडतो आणि टोकाकडचा बऱ्यापैकी चालतो. चकती मधोमध गडद लाल आणि कडेने फिकट दिसते. आपल्या पेशंटची चकती तशीच होती, पण आधी कुणी ती मागितलीच नव्हती.

संशय आला की पुढचं पाऊल कुठलं, इथे मला सगळ्यात जास्त आग्रहाने बोलायचं आहे. हृदयात साठणारं अ‍ॅमिलॉइड मुख्यतः दोन प्रथिनांपासून बनतं आणि त्यांचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात, एएलमध्ये, अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा एक गट बेफाम होतो आणि प्रतिपिंडांचे तुकडे, म्हणजे लाइट चेन, रक्तात सोडत राहतो. हा रक्ताचा आजार आहे आणि हृदय त्यात बळी पडतं. दुसऱ्या प्रकारात, एटीटीआरमध्ये, यकृतात बनणारं ट्रान्सथायरेटिन बिघडतं. थायरॉइडचा हार्मोन आणि ‘अ’ जीवनसत्त्व वाहून नेणं हे त्याचं रोजचं काम. त्याचे चार भाग एकत्र जोडलेले असतात, ते सुटे झाले की त्यांची घडी मोडते. काही घराण्यांत जनुकातला दोष त्याला कारण असतो. बहुतेकांत मात्र जनुक निर्दोष असतं, वय वाढतं आणि जोड सैल होतो. असे पेशंट बहुधा साठी-सत्तरीपुढचे पुरुष असतात.

एएलमध्ये दिवस मोजावे लागतात. हृदय निकामी होऊ लागल्यावर उपचार मिळाला नाही, तर आयुष्य साधारण सहा महिन्यांचं उरतं. म्हणून पहिली तपासणी एएल आहे की नाही हीच. तिच्यात तीन गोष्टी लागतात: रक्तातल्या फ्री लाइट चेनचं प्रमाण, रक्ताचं इम्युनोफिक्सेशन आणि लघवीचं इम्युनोफिक्सेशन. अनेकदा नुसती प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करून ‘एम बँड नाही’ असा रिपोर्ट येतो आणि सगळे निर्धास्त होतात. एएलमध्ये लाइट चेनची मात्रा इतकी थोडी असू शकते की त्या तपासणीत पट्टा उमटतच नाही.

आपल्या पेशंटचा कॅपा २८ आणि लॅम्बडा २४ आला, गुणोत्तर १.१७. निरोगी मूत्रपिंड असेल तर ०.२६ ते १.६५ हे सर्वसाधारण मानतात. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत वरची मर्यादा सुमारे ३.१ पर्यंत चालते. दोन्ही इम्युनोफिक्सेशन कोरे. समजा त्याचा कॅपा १८ आणि लॅम्बडा ४२० आला असता, गुणोत्तर ०.०४, तर त्याच आठवड्यात रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवणं, मज्जेची आणि पोटाच्या चरबीची बायॉप्सी, आणि तिथे कळलं नाही तर थेट हृदयाची बायॉप्सी, हा रस्ता धरावा लागला असता.

त्याच्या बाबतीत पुढची तपासणी झाली न्यूक्लिअर मेडिसिन विभागात. टेक्नेशियम पायरोफॉस्फेट हे मुळात हाडं पाहण्यासाठी वापरायचं औषध. शिरेतून दिल्यावर ते एटीटीआर अ‍ॅमिलॉइडला चिकटतं आणि हृदय बरगड्यांपेक्षा ठळक उजळून निघतं. बरगड्यांइतकं उजळलं तर दुसरी श्रेणी, त्यांच्याहून जास्त उजळलं तर तिसरी. २०१६ साली अनेक देशांच्या केंद्रांनी मिळून दाखवलं, की लाइट चेनच्या तिन्ही तपासण्या निर्दोष असतील आणि स्कॅन दुसऱ्या किंवा तिसऱ्या श्रेणीचा असेल, तर बायॉप्सी न करताही एटीटीआरचं निदान पक्कं धरता येतं. हृदयाचा तुकडा काढण्याची जोखीम त्यामुळे अनेक म्हाताऱ्या माणसांची टळली.

पण त्या नियमातला पहिला अर्धा भाग वगळला की घोटाळा होतो. एएलच्या काही पेशंटांतही हा स्कॅन उजळतो. आधी स्कॅन केला, हृदय उजळलं, ‘एटीटीआर आहे’ म्हणून गोळी सुरू केली आणि लाइट चेन पाहिल्याच नाहीत, तर एएलच्या माणसाचे मोजके महिने चुकीच्या औषधावर जातात. दुसरी खाच अशी, की हृदयाच्या कप्प्यातलं रक्तसुद्धा उजळ दिसू शकतं. म्हणून सपाट चित्रावर न थांबता स्पेक्ट चित्र घेऊन उजेड भिंतीत आहे की रक्तात, हे बघावं लागतं. आपल्या पेशंटमध्ये तो भिंतीतच होता, तिसऱ्या श्रेणीचा. जनुकाची तपासणीही केली, कारण दोष सापडला असता तर मुलांना आणि भावंडांना सांगावं लागलं असतं. जनुक निर्दोष निघालं.

आता त्या जुन्या शस्त्रक्रियेकडे परत बघू. हेच अ‍ॅमिलॉइड मनगटातल्या बंधांत साठतं आणि मज्जातंतू दाबतं. दोन्ही हातांचं कार्पल टनेल, कमरेतला मणक्याचा कालवा अरुंद होणं, दंडातला स्नायूबंध विनाकारण तुटणं, या गोष्टी हृदयाच्या त्रासाआधी पाच-दहा वर्षं येऊन गेलेल्या असतात. क्लीव्हलँड क्लिनिकच्या २०१८ मधल्या अभ्यासात कार्पल टनेलच्या शस्त्रक्रियेवेळी ९८ जणांच्या मनगटातला तुकडा तपासला, त्यात १० जणांत अ‍ॅमिलॉइड सापडलं. म्हणून ‘हातांची काही शस्त्रक्रिया झाली होती का?’ हा प्रश्न दम लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मुद्दाम विचारायला हवा. एएलच्या खुणा वेगळ्या असतात: जीभ जाड होऊन कडेला दातांचे ठसे उमटणं, डोळ्यांभोवती आपोआप जांभळे डाग पडणं, लघवीतून प्रथिनं जाणं.

उपचारांबाबत दहा वर्षांपूर्वीपर्यंत एटीटीआरच्या पेशंटला सांगण्यासारखं फार थोडं होतं. पहिला बदल आला टॅफामिडिसने. ही गोळी ट्रान्सथायरेटिनचे चार भाग एकत्र धरून ठेवते, त्यामुळे ते सुटे होऊन तंतू बनत नाहीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४४१ पेशंट होते. ३० महिन्यांत नुसती नावापुरती गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ४३ टक्के दगावले, टॅफामिडिस घेणाऱ्यांपैकी साडेएकोणतीस टक्के. त्या आकड्यांमागची एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मृत्यूंतला फरक पहिलं दीड वर्ष दिसलाच नाही, नंतर दिसू लागला. औषध नवा साठा थांबवतं, जुना उपसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसात त्याचा उपयोग फारसा होत नाही. निदानाची घाई करायची ती याचसाठी.

त्याच पद्धतीने काम करणारं अ‍ॅकोरामिडिस अमेरिकेत २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालं. तिसरा मार्ग वेगळा आहे: प्रथिन बनूच द्यायचं नाही. व्हुट्रिसिरान हे तीन महिन्यांतून एकदा त्वचेखाली द्यायचं इंजेक्शन यकृतातला ट्रान्सथायरेटिनचा आदेशच निकामी करतं. हृदयाच्या आजारासाठी अमेरिकेत ते २०२५ च्या मार्चमध्ये मंजूर झालं. चाचणीत मृत्यू आणि हृदयाच्या वारंवार बिघाडांचं एकत्रित प्रमाण २८ टक्क्यांनी उतरलं. ट्रान्सथायरेटिन कमी झालं की ‘अ’ जीवनसत्त्वाची ने-आण घटते, म्हणून ते वेगळं पुरवावं लागतं. यकृताच्या पेशीतलं जनुकच एकदा कायमचं बंद करणारी क्रिस्पर पद्धतही मोठ्या चाचण्यांत उतरली होती, पण एका पेशंटच्या यकृताला गंभीर इजा झाल्यामुळे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ती थांबवावी लागली. साठलेलं अ‍ॅमिलॉइड उपसून काढणारी प्रतिपिंडं अजून चाचणीच्या टप्प्यात आहेत.

या औषधांची किंमत हा मोठा अडसर आहे. टॅफामिडिस बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत वर्षाला २,२५,००० डॉलर मोजावे लागत. सामान्य कुटुंबाला हे औषध परवडेल का, हा प्रश्न निदानाइतकाच खरा आहे, आणि मला वाटतं तो डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मोकळेपणाने मांडावा. एएलमध्ये चित्र जरा बरं आहे. तिथे बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फमाइड आणि डेक्सामेथॅसोन यांच्या जोडीला दाराटुमुमॅब दिलं, की बेफाम पेशींचा बंदोबस्त झपाट्याने होतो. २०२१ मधल्या चाचणीत रक्तातला आजार पूर्ण शमलेल्यांचं प्रमाण १८ वरून ५३ टक्क्यांवर गेलं. यातली पहिली तीन औषधं भारतात मायलोमासाठी वर्षानुवर्षं वापरात आहेत.

औषध परवडो वा न परवडो, निदानाने एक फायदा लगेच होतो: अपाय करणारी औषधं थांबतात. ताठ कप्पा प्रत्येक ठोक्याला ठरावीक थोडंच रक्त फेकतो, म्हणून रक्तपुरवठा ठोक्यांच्या वेगावर टिकून असतो. बीटा ब्लॉकरने तो वेग कमी केला की माणूस गळून जातो, बीपीच्या गोळ्यांनी चक्कर वाढते, आणि डिल्टियाझेम व व्हेरापामिल यांच्यापासून दूरच राहावं लागतं. पाणी उतरवणाऱ्या गोळ्या हाच मुख्य आधार, तोही रोज वजन पाहून, कारण जास्त पाणी उतरलं तरी कप्पा रिकामा राहतो. ठोके अनियमित झाले, एट्रियल फिब्रिलेशन आलं, तर एरवी गुण मोजून घेतला जाणारा निर्णय इथे मोजत बसायचा नाही. रक्त पातळ करणारं औषध द्यायचं, कारण वरच्या कप्प्यात गुठळी सहज धरते.

आपल्या पेशंटचा बीटा ब्लॉकर बंद झाला, बीपीची उरलेली अर्धी गोळीही गेली, टोर्सेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन सुरू झालं. दोन आठवड्यांत सूज उतरली आणि उठतानाची चक्कर बरीच कमी झाली, अजून टॅफामिडिसची पहिली गोळी घेतलीही नव्हती. पुढे दर सहा महिन्यांनी एनटी-प्रोबीएनपी, सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं ते, ईसीजी आणि वर्षातून एकदा एको. भिंत पुन्हा पातळ होईल ही अपेक्षा त्याच्या मुलाला पहिल्याच दिवशी सोडायला सांगितली. आकडे जागच्या जागी राहिले, तर औषध लागू पडतंय असं धरायचं.